बर्फ-अल्बेडो आणि हवामानातले इतर फीडबॅक: तृतीय वर्ष बी.एस्सी., परीक्षेआधीचे टिपण

सोमवारच्या पेपरात या घटकावर दहा गुणांचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो, आणि दरवर्षी बरीच उत्तरे एकाच ठिकाणी अडतात. बर्फ वितळते, समुद्र तापतो, आणखी बर्फ वितळते, इथपर्यंत सगळे बरोबर लिहितात. मग प्रश्न येतो: हे चक्र थांबते कुठे? पृथ्वी तापतच का जात नाही? त्याचे उत्तर ज्याला देता येते, त्याला हा घटक समजला. म्हणून हे टिपण त्या प्रश्नाभोवती लिहिले आहे.

फोर्सिंग आणि फीडबॅक

बाहेरून ऊर्जा-संतुलन बिघडवते ते फोर्सिंग. माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड, ज्वालामुखीची धूळ, सूर्याच्या तेजातला बदल ही त्याची उदाहरणे. तापमान बदलल्यामुळे पृथ्वीच्या आत जे बदलते आणि पुन्हा तापमानावरच परिणाम करते, तो फीडबॅक. तो स्वतःहून कशाची सुरुवात करत नाही.

मूळ बदल वाढवतो तो धन फीडबॅक, मूळ बदलाला विरोध करतो तो ऋण फीडबॅक. 'धन' म्हणजे चांगला नव्हे आणि 'धन' म्हणजे तापवणाराही नव्हे. हिमयुगाकडे जाताना बर्फ वाढते आणि पृथ्वी आणखी थंड होते, तोही धन फीडबॅकच. चिन्हाबद्दल शंका आली तर साखळी काढा आणि प्रत्येक बाणावर चिन्ह लिहा. पहिली गोष्ट वाढल्याने दुसरी वाढत असेल तर अधिक, घटत असेल तर उणे. पूर्ण फेरीत उणे चिन्हे सम संख्येने आली (शून्यही सम) तर फीडबॅक धन, विषम आली तर ऋण.

तापमान → (उणे) बर्फाचे क्षेत्र → (अधिक) अल्बेडो → (उणे) शोषलेले सौर प्रारण → (अधिक) तापमान. दोन उणे, म्हणून धन.

बर्फ-अल्बेडो, जरा जवळून

पडलेल्या प्रारणापैकी जितका भाग परत फेकला जातो तो अल्बेडो. संपूर्ण पृथ्वीचा सरासरी अल्बेडो सुमारे 0.3 आहे. ताज्या हिमाचा 0.8 ते 0.9, उघड्या सागरी बर्फाचा 0.5 ते 0.7, आणि मोकळ्या समुद्राचा जेमतेम 0.06. निसर्गात शेजारीशेजारी असलेल्या दोन पृष्ठभागांत एवढी तफावत क्वचितच सापडते.

आता आर्क्टिकमधला जूनचा एक दिवस घ्या. सूर्य मावळत नाही. 21 जूनला उत्तर ध्रुवावर वातावरणाच्या माथ्यावर चोवीस तासांत विषुववृत्तापेक्षा जास्त सौरऊर्जा येते. समजा, त्यातली सरासरी 300 वॅट प्रति चौरस मीटर पृष्ठभागापर्यंत पोचली. हिमाच्छादित बर्फ (अल्बेडो 0.8) त्यातले 60 वॅट शोषेल, मोकळे पाणी 282 वॅट. फरक 222 वॅट. दिवसभरात हा फरक प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे 19 मेगाज्यूल होतो. एक किलो बर्फ वितळायला 0.334 मेगाज्यूल लागतात. म्हणजे ही सगळी ऊर्जा कडेचे बर्फ वितळवण्यातच गेली तर एक चौरस मीटर मोकळे पाणी रोज एक चौरस मीटर बर्फाचा सहा सेंटिमीटर जाडीचा थर वितळवू शकते. प्रत्यक्षात बरीच ऊर्जा खोल पाण्यात आणि हवेत जाते, पण आकड्याचा आवाका लक्षात यावा म्हणून हे गणित एकदा स्वतः करून बघा.

बर्फ सरळ पाणी होत नाही, मधल्या पायऱ्या असतात. आधी वरचे हिम ओले होते, त्याचे कण मोठे होतात आणि अल्बेडो उतरतो. मग बर्फावर वितळलेल्या पाण्याची निळसर डबकी साचतात. त्यांचा अल्बेडो बर्फापेक्षा बराच कमी, त्यामुळे बर्फाचे क्षेत्रफळ तेवढेच राहूनही शोषण वाढलेले असते. उत्तरात 'क्षेत्र घटते' एवढेच लिहिणारे पुष्कळ असतात. 'उरलेले बर्फही काळवंडते' हे लिहिले तर तपासणाऱ्याच्या नजरेत भरते. काजळीचे कण हिमावर बसले की हेच घडते, आणि हिमालयातल्या हिमासाठी तो खरा चिंतेचा विषय आहे.

आर्क्टिकमधल्या सागरी बर्फाचे क्षेत्र सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी असते. 1980 च्या दशकात ते साधारण 70 लाख चौरस किलोमीटर असे. 2012 मध्ये ते 34 लाखांवर आले. 1979 नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापले आहे. यामागे केवळ अल्बेडो नाही (उंचीबरोबर तापमान घटण्याच्या दराचा, म्हणजे लॅप्स रेटचाही मोठा हात आहे, तो खाली येईल), पण अल्बेडोचा वाटा ठळक आहे. इथे एक बारकावा आहे. आर्क्टिकची हवा सर्वांत जास्त तापलेली दिसते ती उन्हाळ्यात नव्हे, शरद आणि हिवाळ्यात. उन्हाळ्यात शोषलेली उष्णता समुद्र साठवतो आणि सूर्य गेल्यावर हवेला देतो.

त्याच वेळी एक ऋण फीडबॅकही काम करत असतो. बर्फाचा थर पातळ असला की खालच्या पाण्याची उष्णता हिवाळ्यात लवकर बाहेर पडते, म्हणून पातळ बर्फ जाड बर्फापेक्षा झपाट्याने वाढते. 2012 च्या नीचांकानंतर 2013 च्या सप्टेंबरमध्ये बर्फ पुन्हा 50 लाखांच्या वर गेले, त्याला त्या वर्षीच्या थंड उन्हाळ्याबरोबर या गुणधर्माचीही साथ होती. एका वर्षाच्या घसरणीने सगळे कोसळत नाही. पण पार्श्वभूमीचे तापमान चढत असेल तर दीर्घकालीन कल खालीच राहतो.

या विषयाचा इतिहास दोन ओळींत. अऱ्हेनिअसने 1896 च्या गणितातच बर्फ आणि बाष्प यांचा परिणाम धरला होता. 1969 मध्ये बुदिको आणि सेलर्स यांनी स्वतंत्रपणे साधी ऊर्जा-संतुलन प्रतिमाने मांडली आणि दाखवले की बर्फाची कडा विषुववृत्ताकडे एका मर्यादेपलीकडे सरकली तर मग ती थांबत नाही, पृथ्वी पूर्ण गोठते. सुमारे 72 ते 63.5 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात असे दोनदा घडले असावे, याचे भूशास्त्रीय पुरावे आहेत. त्यातून पृथ्वी सुटली कशी, ते शेवटी पाहू.

सगळ्यांना आवरणारा: प्लांक फीडबॅक

तापलेली वस्तू जास्त प्रारण सोडते, तेही निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. पृथ्वी एक अंशाने तापली तर अवकाशात सुमारे 3.2 वॅट प्रति चौरस मीटर जास्त निघून जातात. हा सर्वांत बलवान फीडबॅक आहे आणि तो ऋण आहे. वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच. आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालातले अंदाज असे (वॅट प्रति चौरस मीटर, दर अंशामागे): प्लांक −3.2, बाष्प आणि लॅप्स रेट मिळून +1.3, ढग +0.4, पृष्ठभागाचा अल्बेडो +0.35. बेरीज ऋणच येते, सुमारे −1.15. म्हणून पृथ्वी बेफाम तापत नाही. नवीन, जास्त उष्ण पातळीवर स्थिरावते.

कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास फोर्सिंग सुमारे 3.9 वॅट प्रति चौरस मीटर.

```
फक्त प्लांक:  ΔT = 3.9 / 3.2  ≈ 1.2 °C
सर्व मिळून:   ΔT = 3.9 / 1.15 ≈ 3.4 °C
```

प्राचीन हवामान आणि प्रत्यक्ष नोंदी यांचाही विचार करून आयपीसीसीने दिलेला सर्वोत्तम अंदाज 3 अंशांचा आहे, संभाव्य पल्ला 2.5 ते 4. गणित प्रश्नात आले तर भागाकार दाखवा आणि हा पल्लाही लिहा.

बाष्प, लॅप्स रेट, ढग

जागतिक पातळीवर सर्वांत मोठा धन फीडबॅक बर्फाचा नसून बाष्पाचा आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते (क्लॉशियस-क्लॅपेरॉन), सापेक्ष आर्द्रता साधारण तेवढीच राहते, आणि बाष्प स्वतः हरितगृह वायू असल्याने तापमान आणखी चढते. 1991 मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने पृथ्वी अर्ध्या अंशाच्या आसपास थंड केली, तेव्हा वातावरणातले बाष्पही अपेक्षेप्रमाणे घटले. निसर्गानेच घेतलेली ही चाचणी उदाहरण म्हणून जरूर द्या.

लॅप्स रेटचे चिन्ह जागेप्रमाणे बदलते. उष्ण कटिबंधात संघननाची सुप्त उष्णता वरच्या थरात सुटते, वरची हवा जमिनीपेक्षा जास्त तापते आणि प्रारण सहज बाहेर टाकते: ऋण. आर्क्टिकमध्ये थंड, जड हवा जमिनीलगत अडकून राहते, तापमानवाढही तिथेच कोंडते: धन.

ढगांवर सर्वाधिक अनिश्चितता आहे. खालचे जाड ढग सूर्यप्रकाश परतवतात, उंचावरचे पातळ ढग अवरक्त प्रारण अडवतात. पृथ्वी तापली की उपोष्ण महासागरांवरचे खालचे ढग विरळ होतात आणि उंच ढग आणखी वर सरकतात, दोन्ही धन. दक्षिण महासागरावर ढगांतल्या बर्फकणांची जागा पाण्याचे थेंब घेतात, ढग अधिक उजळ होतात, तो ऋण. एकूण बेरीज धन, यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे.

कार्बनचे फीडबॅक

कायम गोठलेल्या जमिनीत, म्हणजे पर्माफ्रॉस्टमध्ये, सुमारे 1,500 अब्ज टन कार्बन आहे, वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. ती वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन सुटतात: धन. उलट बाजूने, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडे आणि समुद्र जास्त शोषतात: ऋण. आपण सोडतो त्यातला साधारण निम्मा कार्बन तेच उचलतात.

राहिला सिलिकेट विदारणाचा फीडबॅक. हा आपल्या पायाखाली चालू आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सिलिकेट खडकांशी अभिक्रिया करतो, नद्या त्यातून बनलेले बायकार्बोनेट समुद्रात नेतात आणि अखेर तो कार्बन चुनखडीत बंद होतो. तापमान आणि पाऊस वाढला की विदारणाचा वेग वाढतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घटतो: ऋण. बेसॉल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, म्हणून सह्याद्रीतला दख्खनचा बेसॉल्ट आणि त्यावर कोसळणारा मोसमी पाऊस हे या प्रक्रियेचे जगात अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. पूर्ण गोठलेल्या पृथ्वीवर हेच विदारण जवळपास थांबले, ज्वालामुखींचा कार्बन डायऑक्साइड मात्र लाखो वर्षे साचत गेला आणि शेवटी त्याने बर्फ वितळवले. मग तोच बर्फ-अल्बेडो फीडबॅक उलट्या दिशेने धावला.

उत्तर लिहिताना प्रत्येक फीडबॅकसमोर चिन्ह आणि कालावधी दोन्ही लिहा: बाष्प काही दिवसांत, सागरी बर्फ ऋतू ते दशकांत, पर्माफ्रॉस्ट दशके ते शतकांत, हिमस्तर हजारो वर्षांत, विदारण लाखो वर्षांत. 'विदारण कार्बन शोषते, म्हणून चिंता नको' असे मागे एका उत्तरपत्रिकेत लिहिले होते. चिन्ह बरोबर होते, पण या शतकातल्या तापमानवाढीला विदारण वेळेत पुरे पडत नाही, आणि गुण तिथेच गेले.