चार्जबॅक डिस्प्यूटला उत्तर : ऑर्डर क्र. २०४७, रक्कम ₹१८,५००

दि. १२ डिसेंबर २०२५, येवला

प्रति,
डिस्प्यूट विभाग, पेमेंट गेटवे

महोदय,

आपली ९ डिसेंबरची सूचना मिळाली. 'माल मिळाला नाही' (व्हिसा कारण कोड १३.१) हा दावा आम्हाला मान्य नाही. साडी कार्डधारकाच्या पत्त्यावर, त्यांच्याच मोबाइलवरचा ओटीपी घेऊन पोचती झाली आहे. चार्जबॅक रद्द करून रक्कम आमच्या खात्यात परत जमा करावी.

घटनाक्रम असा :

६ ऑक्टोबर २०२५ : आमच्या वेबसाइटवर हातमागाची, मोरबांगडी काठाची जांभळी पैठणी ऑर्डर झाली. पेमेंट कार्डच्या ओटीपीने प्रमाणित झाले. बिलिंगचा आणि डिलिव्हरीचा पत्ता एकच, ठाणे. (जोडपत्र १ : ऑर्डर, इन्व्हॉइस, पेमेंटची नोंद)

८ ऑक्टोबर : ग्राहकाच्या सांगण्यावरून फॉल-पिको करून पार्सल कुरिअरकडे दिले. आमच्या काट्यावर वजन १ किलो १४० ग्रॅम भरले, कुरिअरच्या ठाणे केंद्रावरही तेवढेच. म्हणजे वाटेत डबा फुटून साडी गेली, असेही म्हणता येत नाही. (जोडपत्र २)

१० ऑक्टोबर : कुरिअरवाला गेला तेव्हा घराला कुलूप होते. 'उद्या दुपारी आणा' असे ग्राहकाने फोनवर सांगितल्याची नोंद ट्रॅकिंगमध्ये आहे.

११ ऑक्टोबर, दुपारी १२.४७ : डिलिव्हरी. ओटीपी जुळल्याची नोंद, पोचपावतीवरची सही आणि दारात घेतलेला फोटो जोडला आहे. फोटोत आमच्या शिक्क्याचा डबा आणि दारावरचा फ्लॅट क्रमांक दोन्ही वाचता येतात. तो क्रमांक इन्व्हॉइसवरच्या पत्त्याशी ताडून पाहावा. (जोडपत्र ३)

१३ ऑक्टोबर : ऑर्डरवर दिलेल्या मोबाइल क्रमांकावरून आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप आले : 'साडी छान आहे, पण काठ फोटोपेक्षा गडद वाटतोय. बदलून मिळेल का?' सोबत पलंगावर उलगडलेल्या साडीचा फोटो होता. फॉल-पिको केलेली साडी बदलून मिळत नाही, ही अट ऑर्डर देताना स्वीकारलेली होती. तसे आम्ही त्याच दिवशी कळवले. (जोडपत्र ४ : संपूर्ण संवाद, अटींचे पान)

त्यानंतर थेट आपली सूचनाच आली. मधल्या काळात साडी मिळाली नसल्याचा एकही फोन किंवा मेसेज आमच्याकडे नाही.

न मिळालेल्या साडीच्या काठाचा रंग कोणी कळवत नाही. खरी तक्रार रंगाची असेल, तर ती वेगळ्या कारणाखाली यायला हवी होती, आणि साडी परत करण्याची तयारीही दिसायला हवी होती. ती अजून ग्राहकाकडेच आहे. परतीचे पार्सल आलेले नाही.

कार्ड देणाऱ्या बँकेने हे पुरावे कार्डधारकाला दाखवून खुलासा घ्यावा. पोचपावतीची मूळ प्रत किंवा कुरिअरचे लेखी पत्र लागल्यास दोन दिवसांत पाठवतो.

आपला,
प्रोप्रायटर
(सही व शिक्का)

सोबत : जोडपत्रे १ ते ४