अनुजा वाळुंजकर – रिमोट प्रकल्प समन्वयक पदासाठी परिचयपत्र

राहणार: इंदिरानगर, नाशिक
भाषा: मराठी, इंग्रजी आणि हिंदीत लेखी व तोंडी काम, डच वाचून अंदाज येण्याइतपत
संपर्क: हा अर्ज ज्या ईमेलवरून पाठवला आहे, त्यावरच

थोडक्यात

द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांपासून सुरुवात केली. २०२१ पासून घरून पूर्णवेळ समन्वयाचं काम करते. रॉटरडॅम, लंडन आणि लिमा इथले सहकारी आणि नाशिक-दिंडोरी पट्ट्यातली पॅकहाउसं यांच्यामधला बहुतेक पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. माझं लिखाण वाचून पुढच्या माणसाला मला न विचारता काम सुरू करता यावं, यासाठी मी झटते. शेतकऱ्यांना मराठीतून सल्ला देणाऱ्या तुमच्या टीमचे डेव्हलपर दोन खंडांत आहेत, म्हणून हा अर्ज.

कामाचा अनुभव

*समन्वयक, नेदरलँड्समधील फळ वितरण कंपनी (रिमोट), २०२१ ते आजपर्यंत*

जानेवारी ते एप्रिल हा आमचा ऐन हंगाम. प्रत्येक कंटेनरचा रेसिड्यू रिपोर्ट, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग एकमेकांशी ताडून पाहणं आणि फरक दिसला तर तो त्याच दिवशी योग्य माणसापर्यंत पोहोचवणं ही माझी जबाबदारी.

पूर्वी रोज सगळ्यांचा कॉल व्हायचा. लिमा नाशिकच्या साडेदहा तास मागे, त्यामुळे कुणाला तरी रात्री जागावं लागे. त्याऐवजी संध्याकाळची लेखी नोंद सुरू करावी असं मी सुचवलं आणि तिचा साचा बनवला. आता कॉल आठवड्यातून एकदाच होतो. नोंद कशी असते त्याचा हा नमुना (तपशील बदलले आहेत):

> निर्णय हवा: गुरुवारच्या कंटेनरचं वजन
> काय झालं: बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यात पॅकिंग लिस्टपेक्षा १२० किलो कमी लागले आहेत.
> काय तपासलं: पॅकहाउसच्या काटापावत्या. पॅकिंग लिस्ट बरोबर आहे. पावत्यांचे फोटो ड्राइव्हवर.
> काय केलं: शिपिंग लाइनकडे दुरुस्ती मागितली.
> तुमच्याकडून काय हवं: दुरुस्त मसुद्याला होकार, बुधवारी रॉटरडॅम १२:०० (नाशिक १६:३०) पर्यंत.
> उत्तर आलं नाही तर: काटापावतीचं वजन धरून मसुदा मंजूर करेन.

शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे समोरचा झोपेत असला तरी काम अडत नाही आणि नकार द्यायला त्याच्याकडे पुरेसा वेळही राहतो.

वेळ लिहिताना दोन्ही शहरांची लिहिते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि रॉटरडॅमशी असलेला साडेचार तासांचा फरक साडेतीनवर येतो, तोही नेमका हंगामाच्या गर्दीत. लिमाचं घड्याळ मात्र बदलत नाही. म्हणून त्या आठवड्याच्या सगळ्या मुदती मी आधीच तपासून कॅलेंडरमध्ये दुरुस्त करते आणि टीमला कळवते.

हंगाम संपल्यावर वरून ठरवून दिलेलं काम कमी असतं. त्या महिन्यांत मी नोशनवर कामाची पुस्तिका लिहिली: कुठला कागद कुणाकडून येतो, अडला तर आधी काय पाहायचं. नव्या सहकाऱ्यांना पहिल्या दिवशी तीच दिली जाते.

*कागदपत्र सहायक, द्राक्ष निर्यातदार, दिंडोरी, २०१७ ते २०२१*

ग्रेपनेटवरच्या नोंदी, बागायतदारांशी फोनवर पाठपुरावा, न्हावाशेवाला जाणाऱ्या मालाची कागदपत्रं. फवारणीची नोंद आणि तोडणीची तारीख न दुखावता कशी विचारायची, हे इथे शिकले.

स्वतःचं काम कसं आखते

सकाळी स्लॅक उघडण्याआधी ट्रेलोवरची दिवसाची कामं क्रमाने लावते. मुदत पाळता येणार नाही असं दिसलं की मुदतीची वाट न पाहता नवी तारीख आणि कारण लिहून कळवते. कामाची वेळ १०:३० ते १९:३०. न्यूयॉर्कची सकाळ उन्हाळ्यात दोन तास आणि हिवाळ्यात एक तास तरी त्यात येते. घरी स्वतंत्र खोली, फायबर इंटरनेट, पर्यायी मोबाइल डेटा आणि इन्व्हर्टर आहे.

साधनं

गूगल डॉक्स आणि शीट्स (सूचना मोडमध्ये संपादन, जुन्या आवृत्त्या, ताडणीची सूत्रं) रोज वापरते. स्लॅकवर एका विषयाला एकच थ्रेड आणि निर्णय झाला की तो ट्रेलोच्या कार्डावर, कारण चॅटमधला निर्णय महिन्याभराने कुणालाच सापडत नाही. लिहून समजणार नाही तिथे लूमवर छोटा व्हिडिओ. झूम, नोशन नियमित. गिटहबवर इश्यू लिहिते आणि वाचते. कोड लिहीत नाही.

शिक्षण

बी.कॉम., सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, २०१७

रुजू होण्याबाबत

सध्याच्या कंपनीला ३० दिवसांची सूचना द्यावी लागेल. चाचणी म्हणून एखादं लेखी काम दिलंत तर आनंदाने करेन. सध्याच्या वरिष्ठांचा संदर्भ मुलाखतीनंतर देईन.