मिश्र वाक्यातील गौण वाक्य ओळखा : सराव प्रश्नसंच क्र. 7, उत्तरतालिका व स्पष्टीकरणे

प्रश्न 12, गुण 24, वेळ 12 मिनिटे. प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश, म्हणजे अर्धा गुण, वजा केला जाईल. हा संच मराठी व्याकरणातील वाक्यविचार या घटकावर आधारलेला असून तो रविवारच्या सराव चाचणीसाठी तयार केला आहे. सर्व प्रश्न सोडवून झाल्याशिवाय उत्तरतालिकेकडे पाहू नये.

प्रश्न 1 ते 9 यांमध्ये अवतरणचिन्हांत दिलेला भाग कोणत्या प्रकारचा आहे, ते ओळखा. या नऊही प्रश्नांना पुढील पर्याय समान आहेत : (1) नामवाक्य (2) विशेषणवाक्य (3) क्रियाविशेषणवाक्य (4) यांपैकी नाही, कारण दिलेले वाक्य मिश्र वाक्यच नाही.

प्र. 1. 'उद्यापासून पाणी एक दिवसाआड येणार', ही सूचना पालिकेने फलकावर लावली.

प्र. 2. 'पालिकेने जी सूचना फलकावर लावली', ती सकाळपर्यंत कोणीतरी फाडून टाकली.

प्र. 3. 'जिथे कृष्णा आणि कोयना एकमेकींना भेटतात', त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात.

प्र. 4. 'जिथे कृष्णा आणि कोयना एकमेकींना भेटतात', तिथे कराड शहर वसले आहे.

प्र. 5. बस इतकी भरली होती, की 'दारातही पाय ठेवायला जागा उरली नव्हती'.

प्र. 6. 'आजोबांना बरे वाटावे' म्हणून आम्ही त्यांना वाईला घेऊन गेलो.

प्र. 7. 'आजोबांना बरे वाटत नव्हते', म्हणून आम्ही त्यांना दवाखान्यात नेले.

प्र. 8. 'गाडी फलाटाला लागल्यावर' हमालांची धावपळ सुरू झाली.

प्र. 9. 'जे त्याने पंचांसमोर सांगितले', ते चौकशीत खोटे ठरले.

प्र. 10. पुढीलपैकी कोणत्या वाक्यात 'की'ने नामवाक्य जोडले आहे?
(1) घंटा झाली की मुले मैदानाकडे धावतात.
(2) तुम्ही रेल्वेने येणार की एसटीने येणार?
(3) मला शंका आली की कुलूप कोणीतरी उघडले असावे.
(4) ऊन इतके कडक होते की रस्त्यावरचे डांबर वितळले.

प्र. 11. पुढीलपैकी कोणत्या वाक्यातील गौण वाक्य क्रियाविशेषणवाक्य नाही?
(1) वडील जसे सांगत, तसे तो करी.
(2) जसा सदरा वडील घालत, तसाच सदरा त्याने शिवून घेतला.
(3) जरी आमची वाट चुकली, तरी आम्ही वेळेवर पोहोचलो.
(4) तो परीक्षेला बसला नाही, कारण त्याचे प्रवेशपत्र हरवले होते.

प्र. 12. 'तलाठ्याने सांगितले की ज्या शेतकऱ्यांचे पंचनामे झाले आहेत, त्यांना, बँक खाते आधारशी जोडले असेल तरच, मदत मिळेल.' या वाक्यातील (अ) ज्या शेतकऱ्यांचे पंचनामे झाले आहेत, (आ) त्यांना मदत मिळेल, (इ) बँक खाते आधारशी जोडले असेल, या तीन गौण वाक्यांचे प्रकार अनुक्रमे कोणते?
(1) नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य
(2) विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य, नामवाक्य
(3) क्रियाविशेषणवाक्य, नामवाक्य, विशेषणवाक्य
(4) विशेषणवाक्य, नामवाक्य, क्रियाविशेषणवाक्य

उत्तरतालिका

1–(1), 2–(2), 3–(2), 4–(3), 5–(3), 6–(3), 7–(4), 8–(4), 9–(2), 10–(3), 11–(2), 12–(4).

स्पष्टीकरणे

प्र. 1 व 2. दोन्ही वाक्यांत 'सूचना' हेच नाम आहे आणि म्हणूनच ही जोडी एकत्र दिली आहे. पहिल्या वाक्यात सूचना काय होती, याचे उत्तर गौण वाक्य देते. सूचनेतला मजकूर तेच सांगते, त्यामुळे 'सूचना' हा शब्द काढून 'पालिकेने उद्यापासून पाणी एक दिवसाआड येणार, हे फलकावर लावले' असे लिहिले, तरी अर्थ शाबूत राहतो. गौण वाक्य असे नामाच्या जागी उभे राहू शकते तेव्हा ते नामवाक्य असते, मग त्याच्या आधी 'की' असो वा नसो. दुसऱ्या वाक्यात सूचनेत काय लिहिले होते, याचा पत्ताच नाही. कोणती सूचना फाडली, एवढेच तेथे कळते, आणि 'कोणती' या प्रश्नाचे उत्तर देणे हे विशेषणाचे काम आहे. 'की' दिसला नाही म्हणून पहिल्या प्रश्नात नामवाक्य सोडून देणारे विद्यार्थी दर चाचणीत सापडतात. 'असे', 'हे', 'ही बातमी', 'ही गोष्ट' यांच्या आधी येणारी गौण वाक्ये त्यांनी मुद्दाम गोळा करून वाचावीत.

प्र. 3 व 4. गौण वाक्य अक्षरशः एकच असूनही उत्तरे वेगळी आहेत. 'जिथे' दिसताच स्थलदर्शक क्रियाविशेषणवाक्य असा शिक्का मारणाऱ्याचा तिसरा प्रश्न चुकतो. प्रकार ठरतो तो गौण वाक्य प्रधान वाक्यातील कोणत्या शब्दाला जाऊन चिकटते यावर, त्यामुळे नजर आधी प्रधान वाक्याकडे गेली पाहिजे. तिसऱ्या वाक्यात ते 'जागा' या नामाला चिकटते आणि चौथ्यात 'वसले आहे' या क्रियापदाला, कोठे वसले आहे हे सांगत. 'ज्या दिवशी धरण भरले, त्या दिवशी गावात पेढे वाटले' या रचनेबाबत मात्र मतभेद आढळतात : 'दिवस' या नामाकडे पाहिले तर ते विशेषणवाक्य ठरते, आणि कधी वाटले या प्रश्नाकडे पाहिले तर कालदर्शक क्रियाविशेषणवाक्य. माझ्या मते 'ज्या' हे 'दिवशी'ला जोडलेले असल्यामुळे पहिले उत्तर अधिक नेमके आहे. तथापि निर्विवाद उत्तर देता येत नाही असा प्रश्न वस्तुनिष्ठ परीक्षेत घालू नये, म्हणून तो या संचात घेतलेला नाही.

प्र. 5. 'इतका… की' या जोडीत 'की' असला तरी गौण वाक्य नामाचे काम करत नाही. बस किती भरली होती, हे ते सांगते. म्हणजे भरण्याच्या क्रियेचे परिमाण सांगते. प्रधान वाक्यात 'इतका', 'एवढा' किंवा 'असा' हा शब्द दिसला, की नामवाक्याचा पर्याय निवडण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

प्र. 6 व 7. या दोन प्रश्नांवर विद्यार्थ्यांची तक्रार सर्वाधिक असते आणि ती समजण्याजोगी आहे, कारण 'म्हणून' हे एकच अव्यय मराठी व्याकरणात दोन वेगळ्या घरांत राहते. जे घडले त्याचा परिणाम सांगताना ते परिणामबोधक असते, आणि परिणामबोधक अव्यय प्रधानत्वसूचक वर्गात मोडत असल्याने त्याने जोडलेली दोन्ही वाक्ये तोलामोलाची ठरून संयुक्त वाक्य होते. बरे वाटत नव्हते, ही झालेली गोष्ट. दवाखान्यात नेले, हा तिचा परिणाम. म्हणून सातव्या प्रश्नाचे उत्तर (4). सहाव्या वाक्यात बरे वाटणे अजून घडलेलेच नाही, तो नेण्यामागचा हेतू आहे. येथे 'म्हणून' उद्देशबोधक, म्हणजे गौणत्वसूचक, असून त्याने जोडलेले वाक्य उद्देशदर्शक क्रियाविशेषणवाक्य आहे. खूण शोधायची तर 'म्हणून'च्या आधीच्या क्रियापदाकडे पाहावे : 'वाटावे', 'व्हावा', 'मिळावी' असे विध्यर्थी रूप असेल तर बहुधा उद्देश असतो.

याच जोडीत एक गंमत दडलेली आहे. सातवे वाक्य उलटवून 'आम्ही आजोबांना दवाखान्यात नेले, कारण त्यांना बरे वाटत नव्हते' असे लिहिले, तर घटना तीच राहते आणि वाक्य मात्र मिश्र होते, कारण 'कारण' हे अव्यय गौणत्वसूचक गणले जाते. व्यवहारात या दोन वाक्यांत कोणी भेद करणार नाही. परंतु परीक्षेतील उत्तर परंपरागत वर्गीकरणानुसार तपासले जाते, आणि तेथे घरच्या तर्कावर गुण मिळत नाहीत.

प्र. 8. 'लागल्यावर' हे कृदन्त आहे, क्रियापद नव्हे. वाक्यात 'सुरू झाली' हे एकच क्रियापद असल्यामुळे ते केवल वाक्य आहे. 'गाडी फलाटाला लागली, तेव्हा हमालांची धावपळ सुरू झाली' असे वाक्य दिले असते, तर उत्तर (3) झाले असते.

प्र. 9. इंग्रजीचा अभ्यास शेजारी चालू असलेले विद्यार्थी येथे हमखास नामवाक्य निवडतात. त्यांचे मन या वाक्याचे आधी इंग्रजी भाषांतर करते, तेथे ते नामवाक्य ठरते आणि तेच उत्तर मराठीवर लादले जाते. मराठीत 'जे' हे संबंधी सर्वनाम आणि 'ते' हे त्याचे जोडीदार, दोन्ही वाक्यात उघड उभी आहेत. काय खोटे ठरले? 'ते'. कोणते ते? 'जे त्याने पंचांसमोर सांगितले' ते. गौण वाक्य 'ते' या सर्वनामाविषयी अधिक माहिती देते, म्हणून ते विशेषणवाक्य. 'जो-तो', 'जी-ती', 'जे-ते' या जोड्यांना हाच न्याय लागतो.

प्र. 10. पर्याय (1) मधील 'की' काळ दाखवतो : घंटा होताच मुले धावतात. शिवाय त्यात गौण वाक्य 'की'च्या आधी आहे, नंतर नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पर्याय (2) मधील 'की' विकल्पबोधक असून ते संयुक्त वाक्य आहे. पर्याय (4) पाचव्या प्रश्नासारखा. पर्याय (3) मध्ये शंका काय आली, हे 'की'नंतरचे वाक्य सांगते.

प्र. 11. 'तसे' आणि 'तसाच' यांतील फरक डोळ्यांनी पाहावा. पहिल्या पर्यायात 'तसे' क्रियापदाला जोडलेले आहे आणि करण्याची रीत सांगते. दुसऱ्यात 'तसाच' हा शब्द 'सदरा' या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदललेला आहे. सदऱ्याऐवजी टोपी असती तर 'तशीच टोपी' झाले असते. नामाप्रमाणे जो बदलतो तो शब्द येथे विशेषणाचे काम करतो आणि त्याला जोडलेले गौण वाक्यही विशेषणवाक्य ठरते. तिसरा पर्याय विरोधदर्शक, चौथा कारणदर्शक.

प्र. 12. वाक्य लांब असेल तेव्हा आधी सर्व क्रियापदे मोजावीत. येथे 'सांगितले', 'झाले आहेत', 'जोडले असेल' आणि 'मिळेल' अशी चार क्रियापदे आहेत, म्हणजे चार वाक्ये. त्यांपैकी 'तलाठ्याने सांगितले' हे प्रधान. काय सांगितले, याचे उत्तर 'त्यांना मदत मिळेल', म्हणून (आ) नामवाक्य. उरलेली दोन वाक्ये तलाठ्याच्या सांगण्याला थेट जोडलेली नाहीत, ती (आ)च्या पोटात आहेत : (अ) 'त्यांना' या सर्वनामाबद्दल माहिती देते आणि (इ) मदत कोणत्या अटीवर मिळेल हे सांगते, म्हणून ते संकेतदर्शक क्रियाविशेषणवाक्य. 'जर' लिहिलेला नसला तरी 'तरच' या शब्दावरून तो गृहीत धरावा लागतो. ज्यांनी (आ)लाच प्रधान वाक्य मानले, त्यांना पर्यायांत आपले उत्तर सापडले नसेल. त्यांनी 'तलाठ्याने सांगितले' हे शब्द झाकून वाक्य पुन्हा वाचावे, म्हणजे आपण कोणत्या वेगळ्या वाक्याचे उत्तर शोधत होतो ते दिसेल.