विषय: नाशिक शीतगृह – एनपीव्ही ८२ लाखांवरून ६ लाखांवर का आला

नमस्कार मकरंद सर,

डिस्काउंट रेट ११ टक्क्यांवरून १२.५ टक्के केल्यावर नाशिक शीतगृहाचा एनपीव्ही ८२ लाखांवरून ६ लाखांवर आला. कॅश फ्लोमध्ये एक आकडाही बदललेला नाही. सूत्रही तपासलं: १२ कोटींची सुरुवातीची गुंतवणूक कंसाबाहेरच आहे, `=NPV(C3,D12:K12)+C12`. म्हणजे ७६ लाखांची सगळी घट रेटची आहे.

दीड टक्क्याने एवढा फरक पडतो, कारण आपला पैसा उशिरा येतो. पहिल्या वर्षी १.२० कोटी, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी २.६०, चौथ्यापासून सातव्यापर्यंत दरवर्षी २.८० आणि आठव्या वर्षी जमीन-यंत्रांची १.५० कोटी अवशिष्ट किंमत धरून ४.३०. नव्या रेटने पहिल्या वर्षाच्या रुपयाचं आजचं मूल्य जेमतेम १.३ टक्क्यांनी घटतं, आठव्या वर्षाच्या रुपयाचं मात्र १० टक्क्यांनी (०.४३४ वरून ०.३९०). म्हणून ७६ पैकी ६३ लाख चौथ्या ते आठव्या वर्षांतून गेले, त्यातले १९ एकट्या आठव्यातून. पहिल्या तीन वर्षांचा वाटा १३ लाखच.

आयआरआर आधीइतकाच, १२.६ टक्के आहे. पूर्वी त्याच्यात आणि रेटमध्ये १.६ टक्क्यांचं अंतर होतं, आता ०.१ उरलंय. १३ टक्के धरले तर एनपीव्ही उणे १८ लाख होतो.

आता रेटबद्दल. ट्रेझरीच्या शीटमध्ये कर्जाचा दर ९ वरून ९.५, जोखीममुक्त दर ६.५ वरून ७ आणि बीटा १.२५ वरून १.३० झालाय. पण दीड टक्क्यातला सुमारे ०.९ टक्का कर्ज-भागभांडवल प्रमाण ५०:५० वरून ४०:६० केल्यामुळे आलाय, आणि मला इथेच खटकतंय. कर्ज कमी झालं की भागधारकांची जोखीमही कमी होते, तेव्हा बीटा खाली यायला हवा. शीटमध्ये १.३० हा बीटा ५०:५० च्या गृहीतकावरच काढलेला दिसतो. २५.१७ टक्के कर धरून तो आधी कर्जविरहित केला (०.७४) आणि मग ४०:६० ला नेला, तर १.११ येतो. ७ टक्के जोखीम प्रीमियम तसाच ठेवला तर भागभांडवलाचा खर्च १६.१ ऐवजी १४.८ टक्के, डिस्काउंट रेट ११.७ टक्के आणि एनपीव्ही ४६ लाख होतो.

रेट वाढायलाच हवा होता, याबद्दल वाद नाही. व्याजदर खरोखर वर गेलेत. पण सहा लाखांच्या आकड्यावर प्रस्ताव मागे घेण्याआधी बीटाचं उत्तर ट्रेझरीकडून घ्यावं. तुम्ही हो म्हणालात तर आजच त्यांना मेल करते. गुरुवारच्या गुंतवणूक समितीपुढे ११.७ आणि १२.५ या दोन्ही रेटचे आकडे शेजारी-शेजारी ठेवता येतील. वर्षवार गणिताची फाइल सोबत जोडली आहे, ‘रेट तुलना’ हे पान पाहा.

स्नेहल
प्रकल्प वित्त विभाग