तळमजल्यावरील खोलीसाठी विनंती

दि. १८ सप्टेंबर २०२५

माननीय वॉर्डन मॅडम,
मुलींचे वसतिगृह, सयाजीगंज, वडोदरा

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी गरब्याच्या सरावात माझा उजवा घोटा मुरगळला. एक्स-रेत हाड मोडलेले नाही, पण बाहेरच्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटला आहे. डॉक्टरांनी तीन आठवडे अँकल ब्रेस आणि कुबड्या वापरायला सांगितल्या आहेत. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर (३१४) आहे. मेस खाली असल्याने रोज निदान तीनदा जिने करावे लागतात. चढताना आधी चांगला पाय टाकून जमते. उतरताना मात्र कुबड्या आणि दुखरा पाय आधी खाली न्यावा लागतो, आणि वळणावर कठडाच नाही. तिथे तोल गेला तर तोच लिगामेंट पूर्ण फाटू शकतो.

तळमजल्यावरील ७ क्रमांकाच्या खोलीत एक खाट रिकामी आहे, तिथल्या दोघींची हरकत नाही. मला उकिडवे बसता येत नाही आणि कमोड त्याच खोलीच्या शेजारी आहे, म्हणून शक्यतो तीच खोली मिळावी. १२ ऑक्टोबरपर्यंत पुरेल. गादी, बादली आणि पुस्तके एवढेच हलवायचे आहे, ते मैत्रिणी करतील. कपाट ३१४ मध्येच राहू द्यावे.

आज संध्याकाळपर्यंत परवानगी मिळाली तर रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा वर चढावे लागणार नाही.

आपली विद्यार्थिनी,
मृणाल
द्वितीय वर्ष बी.एस्सी., खोली क्र. ३१४