पेशंटला घरचा डबा आणताय? आधी हे वाचा
(जनरल मेडिकल वॉर्डच्या दाराशी लावलेलं कार्ड, नातेवाईकांसाठी)

घरचं जेवण आणायला आमची ना नाही, उलट पेशंट दोन घास जास्त खातो. फक्त डबा आणायच्या आधी सिस्टरना विचारा, आज याला तोंडाने द्यायचंय का आणि काय द्यायचंय. ऑपरेशन किंवा सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला "एक घोट चहाने काय होतंय" म्हणून पाजू नका, त्या एका घोटानं ऑपरेशन पुढं जातं.

वेळ कुठनं मोजायची

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. वेळ मोजायची ती गॅसवरनं भांडं उतरवल्यापासनं, वॉर्डात डबा उघडल्यापासनं नाही. शिजवलेलं अन्न साध्या डब्यात बाहेर २ तास ठीक, पण आपल्या सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४० च्या वर, तेव्हा १ तासच धरा. ५ ते ६० डिग्रीच्या मधे अन्न राहिलं की जंतू भराभर वाढतात, आणि वास येतोच असं नाही, चवही बिघडत नाही, त्यामुळे "वास घेतला की, चांगलाय" हे चालत नाही.

म्हणजे पहाटे केलेली आमटी स्टीलच्या डब्यात घालून पंढरपूर-मंगळवेढ्याहून एसटीनं आणली, स्टँडवरनं रिक्षा केली, गेटवर पास दाखवून वर आलात तर तिची वेळ वाटेतच संपलेली असते. लांबून येणाऱ्यांनी ओलं आणूच नका. कडक भाकरी, लाह्या, राजगिऱ्याचा लाडू, अख्खी फळं असलं आणा. कोरडी शेंगा चटणीही टिकते, पण मीठ-तिखट बंद असेल किंवा किडनीचा पेशंट असेल तर ती तुम्हीच खावा. आमटी-भात गावात राहणाऱ्या पाहुण्यांना करायला सांगा.

थर्मास असेल तर आधी त्यात उकळतं पाणी घालून पाच-दहा मिनिटं ठेवा, ते ओतून द्या, मग उकळतं अन्न गच्च भरा. उघडल्यावर चांगलं चटका बसेल इतकं गरम निघालं तर चालेल (आधी गार करूनच भरवा हो), नुसतं कोमट निघालं आणि वेळ उलटली असेल तर देऊ नका. वॉर्डात गरम करायची सोय नाही आणि सिस्टरांच्या टेबलामागचा फ्रीज इन्शुलिन-इंजेक्शनचा आहे, त्यात दह्याची वाटी ठेवायला मागू नका.

भाताचं वेगळं सांगतो

रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन आणतात, आजारी माणसाला तो नकोच. भात शिजवला तरी त्यातले काही जंतू बीजरूपात जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की वाढून विष तयार करतात आणि ते विष परत गरम केल्यानं जात नाही. मऊ भात, खिचडी ताजीच करा. मटणाचा रस्सा, अंडी, खीर, दूध, पनीर यांनाही तोच २ तासांचा नियम.

फळं अख्खी धुवून आणा, इथं हात धुवून कापा आणि लगेच द्या. नारळपाणी गेटवर मिळतंय म्हणून सगळ्यांनाच देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनीच्या पेशंटला ते महागात पडतं. केमो चालू असेल तर कच्ची कोशिंबीर, वरनं भुरभुरलेली कच्ची कोथिंबीर, घरी लावलेलं दही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शुगरच्या पेशंटचं इन्शुलिन आणि जेवण यांची वेळ जुळायला लागते, तुमचा डबा उशिरा येणार असेल तर सिस्टरना फोन करून कळवा.

भरवताना

पाठीला उशी लावून बसवा, आडवं झोपवून घास किंवा पाणी देऊ नका, ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं. नाकातनं नळी असेल तर त्यातनं स्वतःहून काहीही सोडू नका, पेज असली तरी.

शेजारच्या कॉटवर वाटी सरकवायची आपली सवय, मन मोठं असतं ओ आपल्या लोकांचं, पण त्या आजींना शुगर आहे का, मीठ बंद आहे का हे तुम्हाला कुठं माहितीय? त्यांच्या नातेवाईकाला चहा पाजा हवं तर.

डब्यावर पेशंटचं नाव, कॉट नंबर आणि अन्न उतरवल्याची वेळ चिकटपट्टीवर लिहा. डबा सकाळी ८ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ७ मधे आणायचा, एका पेशंटमागं एकच माणूस. खाल्ल्यावर उलटी-जुलाब सुरू झाले तर लाजू नका, काय खाल्लं, कधी शिजवलं होतं ते सरळ सिस्टरना सांगा. उरलेलं "संध्याकाळी खातील" म्हणून कॉटखाली ठेवू नका, उंदीर येतात. डबे पॅसेजच्या टोकाच्या मोरीत धुवा, वॉर्डातलं बेसिन हात धुवायचं आहे.