डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या संस्था : स्थापनावर्षे आणि पहिले सभासद

(वाचनालयाच्या संदर्भ विभागासाठी तयार केलेली यादी)

यादी वाचण्यापूर्वी

वार्षिक अहवाल हाती घेतला की बहुतेकजण जमाखर्चाचे पान उघडतात. ही यादी करताना आम्ही उलट केले. आधी पदाधिकाऱ्यांची पाने वाचली, मग उद्दिष्टे आणि शेवटी कामाचा वृत्तान्त. संस्था कोणासाठी उभी राहिली हे उद्दिष्टांवरून कळते. ती कोणाच्या बळावर उभी राहिली हे मात्र नावांवरूनच कळते. जिथे संस्थेने वार्षिक अहवाल काढला तिथे तोच आधार मानला आहे. राजकीय पक्षांच्या आणि समता सैनिक दलाच्या बाबतीत परिषदांचे ठराव व तत्कालीन वृत्तपत्रे यांचा आधार घेतला आहे.

वृत्तपत्रे यादीत नाहीत. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी आणि ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी निघाले, पण ती पत्रे होती. सभासद आणि कार्यकारिणी असलेल्या संस्था नव्हत्या. महाविद्यालयांची नोंद त्यांच्या मातृसंस्थेखाली केली आहे.

१. बहिष्कृत हितकारिणी सभा, मुंबई
स्थापना : २० जुलै १९२४

या तारखेबद्दल वाचकांकडून वारंवार विचारणा होते. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी एक मध्यवर्ती संस्था असावी असा विचार तिथे पक्का झाला. प्रत्यक्ष संस्था २० जुलैला स्थापन झाली आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली तिची नोंदणी झाली. म्हणून ९ मार्च हा संकल्पाचा दिवस आणि २० जुलै हा स्थापनेचा.

पहिले पदाधिकारी :
अध्यक्ष : सर चिमणलाल हरिलाल सेटलवाड
उपाध्यक्ष : मेयर निसिम, रुस्तमजी जिनवाला, जी. के. नरिमन, डॉ. र. पु. परांजपे, डॉ. वि. पां. चव्हाण, बा. गं. खेर
व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष : डॉ. भीमराव रामजी आंबेडकर
चिटणीस : सीताराम नामदेव शिवतरकर
खजिनदार : नि. तु. जाधव

ही नामावली नीट पाहावी. वरच्या ओळींत नामवंत वकील, ज्यू आणि पारशी समाजातील प्रतिष्ठित गृहस्थ आहेत. केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर परांजपे आहेत, आणि पुढे १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री झालेले खेरही आहेत. खालच्या तीन ओळींत अस्पृश्य समाजातली माणसे आहेत. व्यवस्थापन, पत्रव्यवहार आणि तिजोरी ही तिन्ही कामे त्यांच्याच हाती राहिली. दारे उघडण्यासाठी वजनदार नावे आणि निर्णय घेण्यासाठी आपली माणसे, अशी ही रचना आहे. शिवतरकर चर्मकार समाजातले आणि पेशाने शिक्षक होते. पहिल्याच संस्थेच्या चिटणीसपदी महार समाजाबाहेरचा माणूस होता, ही गोष्ट या यादीतून पुसली जाऊ नये अशी आमची कळकळ आहे.

सभेच्या पहिल्या अहवालात ३१ मार्च १९२५ पर्यंतचे काम आले आहे. वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे, वाचनालये व अभ्यासवर्ग चालवणे, औद्योगिक आणि शेतकी शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारणे आणि समाजाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे ही उद्दिष्टे होती. त्यांतले पहिले लगेच प्रत्यक्षात आले. ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. राहणे, जेवण, कपडे आणि वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला, तर सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपये मदत दिली. तिथल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले. मुंबईत मोफत वाचनालय आणि हॉकी क्लबही सुरू झाले. ज्या मुलांना गावातल्या शाळेत बाहेर बसावे लागत होते त्यांच्यासाठी वसतिगृहाबरोबर हॉकीचाही विचार झाला, ही दृष्टी अहवालातला एकेक तपशील वाचल्याशिवाय लक्षात येत नाही.

२. समता सैनिक दल
स्थापना : १९२७

महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षी स्वयंसेवकांच्या फळीतून उभे राहिलेले दल. चवदार तळ्यावरचा पहिला दिवस २० मार्च १९२७ चा आणि दुसरी परिषद त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरची. दलाची घडण या दोन घटनांच्या संदर्भातच पाहावी.

३. समाज समता संघ, मुंबई
स्थापना : ४ सप्टेंबर १९२७
अध्यक्ष : डॉ. आंबेडकर
प्रमुख सभासद : देवराव नाईक, द. वि. प्रधान, भास्करराव कद्रेकर, श्रीधरपंत टिळक (पुणे शाखा)

सवर्ण आणि अस्पृश्य यांनी बरोबरीने चालवलेली ही संस्था. १९२४ मध्ये सवर्ण मंडळी वरच्या पदांवर होती. इथे ती डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली काम करणारी झाली. तीन वर्षांतला हा बदल आम्हांला फार मोलाचा वाटतो. लोकमान्यांचे पुत्र श्रीधरपंत यांनी एप्रिल १९२८ मध्ये पुण्याच्या गायकवाड वाड्यात संघाची शाखा उघडली. २५ मे १९२८ रोजी त्यांचा अंत झाला. संघाचे ‘समता’ हे पत्र २९ जून १९२८ पासून देवराव नाईकांच्या संपादकत्वाखाली निघू लागले.

४. भारतीय बहिष्कृत समाज शिक्षण प्रसारक मंडळ
स्थापना : १४ जून १९२८

हितकारिणी सभेचे शैक्षणिक काम या मंडळाकडे आले. ही नवी चळवळ नव्हे. जुन्याच कामाला मिळालेले स्वतंत्र घर आहे. शिवतरकर इथेही आहेत.

५. स्वतंत्र मजूर पक्ष
स्थापना : १५ ऑगस्ट १९३६, मुंबई
१९३७ च्या निवडणुकीत निवडून आलेल्यांपैकी : डॉ. आंबेडकर, भाऊराव गायकवाड, रा. रा. भोळे, दौलतराव जाधव, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, शामराव परुळेकर

चित्रे आणि टिपणीस दोघेही महाडच्या लढ्यातले. पक्षाच्या नावात जात नाही, आणि आमदारांच्या यादीतही एकाच जातीची माणसे नाहीत.

६. अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन
स्थापना : जुलै १९४२, नागपूर परिषद
अध्यक्ष : रावबहादूर एन. शिवराज (मद्रास)
सरचिटणीस : पां. ना. राजभोज

मुंबईच्या एका सभागृहातून सुरू झालेले काम इथे देशभर पोचले आहे. आता वजनदार नावे बाहेरून आणावी लागली नाहीत. अध्यक्ष आणि सरचिटणीस दोघेही समाजातलेच.

७. पीपल्स एज्युकेशन सोसायटी, मुंबई
स्थापना : ८ जुलै १९४५
अध्यक्ष : डॉ. आंबेडकर

सिद्धार्थ महाविद्यालय, मुंबई : २० जून १९४६. औरंगाबादचे महाविद्यालय, म्हणजे आजचे मिलिंद : १९५०. मराठवाड्यातल्या मुलांना पदवीसाठी दूर जावे लागू नये म्हणून निवडलेले हे ठिकाण. सोलापूरच्या वसतिगृहापासून इथवर पंचवीस वर्षे लागली.

८. भारतीय बौद्ध महासभा
स्थापना : ४ मे १९५५
अध्यक्ष : डॉ. आंबेडकर, त्यांच्या पश्चात यशवंतराव आंबेडकर
नागपूर शाखेचे चिटणीस : वामनराव गोडबोले

१४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा समारंभाची व्यवस्था नागपूर शाखेने पाहिली.

यादीत न घेतलेली नोंद : भारतीय रिपब्लिकन पक्ष. कल्पना बाबासाहेबांची, पण पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला त्यांच्या पश्चात स्थापन झाला. पहिले अध्यक्ष एन. शिवराज.